शुक्रवारचा पंधरा ऑगस्ट

२०२६ सालचा १५ ऑगस्ट शनिवारी येतो. तो शुक्रवारच्या ओळीत दाखवणारं कॅलेंडर तयार करायला फार काही करावं लागत नाही. गेल्या वर्षीचं पान उघडायचं, '२०२५' पुसून '२०२६' लिहायचं, जमलं तर अध्यक्षांचा फोटो बदलायचा आणि पान पुढे पाठवून द्यायचं. आकडे जिथल्या तिथे राहतात, वार मात्र त्यांच्या शेजारून एक घर सरकलेले असतात. चूक लक्षात येते तेव्हा मूळ फाइल कुणाकडेच नसते. ती करणारा ऑपरेटर दुसरीकडे गेलेला असतो आणि हातात उरतं ते फक्त चित्र. त्यात अक्षरं अक्षरं म्हणून नसतात, नुसते रंगीत ठिपके असतात. 'हा आकडा निवडा आणि पलीकडे सरकवा' असं तिथे चालत नाही.

अशा चित्रातले आकडे त्याच वळणाच्या टायपात नव्याने बसवणं हे डीटीपीतलं चिकट काम आहे. ते कसं करतात हे बघायला एका पतसंस्थेच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान घेऊ. पान ए-थ्री आकाराचं, म्हणजे ३०० डीपीआयला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. मराठी घरांतल्या भिंतीवर असतात तसे वार डावीकडे वरून खाली, रविवार सगळ्यात वर. आठवडे उभ्या रकान्यांत, आणि असे रकाने पाच.

आधी निदान, कारण आकडे एका घराने चुकण्याची दोन नेहमीची कारणं असतात आणि वरवर पाहता दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. पहिलं कारण वर सांगितलं, गेल्या वर्षीची मांडणी तशीच राहिलेली. दुसरं कारण तयार टेम्प्लेटचं. युरोपात आठवडा सोमवारपासून मोजतात, त्यामुळे इंटरनेटवरून घेतलेल्या अनेक टेम्प्लेटांत पहिली ओळ सोमवारची असते. आपला माणूस वारांची नावं मराठीत करताना सवयीने रविवार वर टाकतो आणि आकड्यांना हात लावत नाही. दोन्ही चुकांत १ ऑगस्ट २०२६ शुक्रवारी येऊन बसतो.

फरक कळतो तो लाल रंगावरून. लाल आकडे सगळ्यात खालच्या, म्हणजे शनिवारच्या ओळीत असतील तर ती टेम्प्लेटची चूक. कारण मुळात ती ओळ रविवारची होती. लाल ओळ वर रविवारीच असेल आणि मांडणी तरीही चुकलेली असेल, तर जुनं वर्ष. आमच्या पानावर रविवार लाल होताच, शिवाय २७ तारीखही लाल होती. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने ती १४ सप्टेंबरला गेली. लाल सत्तावीसने पान कुठल्या वर्षाचं आहे हे स्वतःच सांगून टाकलं.

लीप वर्षाचा घोटाळा वेगळा ओळखू येतो. जानेवारी-फेब्रुवारी बरोबर आणि मार्चपासून पुढचे सगळे महिने एका दिवसाने चुकलेले असं दिसलं, की कुणीतरी २९ फेब्रुवारी विसरलं किंवा नको तिथे धरलं असं समजावं. २०२८ ची कॅलेंडरं करताना ही आठवण ठेवायला हवी.

बरोबर वार कोणता हे चित्राकडे बघून ठरवू नये, दुसरीकडून काढावं. एक्सेलच्या एका घरात हे लिहिलं की उत्तर मिळतं:

```
=TEXT(DATE(2026,8,1),"dddd")
```

संगणक जवळ नसेल तर गणिती जॉन कॉनवे यांनी रूढ केलेली युक्ती आहे. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर या तारखा कोणत्याही एका वर्षात एकाच वारी येतात. २०२६ मध्ये तो वार शनिवार. ८ ऑगस्ट शनिवार, म्हणजे १ ऑगस्टही शनिवारच.

आता साहजिक प्रश्न असा, की सगळं एकाच घराने चुकलं असेल तर आकड्यांचा गठ्ठा कापून एक ओळ खाली का सरकवू नये? मलाही सुरुवातीला तोच मार्ग सोपा वाटत असे. पण पानावरची प्रत्येक खूण एकाच गोष्टीला बांधलेली नसते, आणि तिथे हा उपाय मोडतो. काही खुणा वाराला बांधलेल्या असतात. रविवारचा लाल रंग वरच्या ओळीतच राहायला हवा, आकडा कोणताही येवो. बँकांच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या सुट्टीची खूणही तशीच. या मांडणीत पहिल्या रकान्यातला शनिवार हा नेहमीच महिन्याचा पहिला शनिवार असतो, त्यामुळे ती खूण कायम दुसऱ्या आणि चौथ्या रकान्याच्या तळाशी येते. २०२५ मध्ये त्या घरांत ९ आणि २३ होते, २०२६ मध्ये ८ आणि २२ येतील. खूण हलवायचीच नाही, तिच्या वरचा आकडा बदलायचा. याउलट स्वातंत्र्यदिन तारखेला बांधलेला आहे. तो १५ बरोबर शुक्रवारच्या घरातून शनिवारच्या घरात जाणार आणि जाताना आपला लाल रंग घेऊन जाणार. गठ्ठा सरकवला तर गेल्या वर्षीच्या रविवारचे लाल आकडे सोमवारी येऊन बसतील आणि नव्या रविवारी काळे दिसतील.

तिसऱ्या जातीच्या खुणा तिथीला बांधलेल्या. त्यांना आकडे सरकवून काहीच फायदा नाही. जुन्या वर्षाच्या पानावर तिथी, नक्षत्र, सण छापलेले असतील तर ते सगळे पुसून नव्या पंचांगावरून भरावे लागतात, आणि ते काम पंचांग जाणणाऱ्याकडून तपासून घ्यायचं असतं. चित्र दुरुस्त करणाऱ्याने त्यात अंदाज करू नये. आमच्या पानावर सुदैवाने मोठे आकडे, सुट्ट्यांचा लाल रंग आणि बँकेच्या खुणा एवढंच होतं. कोणत्या तारखा लाल करायच्या याची यादी मात्र पतसंस्थेकडून लेखी घेतली, कारण शासनाची सुट्ट्यांची यादी आणि संस्थेची यादी एकच असते असं नाही.

चित्र मागवतानाही एक सांगावं लागतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेलं पान लहान होऊन आणि दाबून येतं. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने आलं तरच मूळ आकार मिळतो. पान भिंतीवरून मोबाइलने काढलेलं असेल तर चौकट सरळ नसते, वर अरुंद आणि खाली रुंद होते. ती आधी सरळ करून घ्यावी, नाहीतर पुढचं कोणतंच माप जुळत नाही.

माप घेताना बहुतेकांचा हात एका घरावर जातो. एक घर मोजून त्याला सातने गुणलं, तर एका पिक्सेलची चूक तळाशी जाईपर्यंत सात पिक्सेलची होते. म्हणून सगळ्यात वरच्या रेघेच्या मध्यापासून सगळ्यात खालच्या रेघेच्या मध्यापर्यंत मोजायचं आणि सातने भागायचं. आमच्या पानावर पहिली आडवी रेघ वरून २१०० पिक्सेलवर होती, शेवटची ४४८० वर. म्हणजे एक ओळ ३४० ची. आडव्या दिशेने पहिली उभी रेघ ५०८ वर आणि शेवटची ३४०८ वर, म्हणजे एक रकाना ५८० चा.

एवढं कळलं की प्रत्येक तारखेचं घर हिशेबाने निघतं. १ तारखेच्या आधी किती घरं रिकामी आहेत ते मोजायचं. शनिवारी सुरुवात, म्हणून सहा. तारखेत ती सहा मिळवून एक वजा करायचा आणि सातने भागायचं. भागाकार म्हणजे डावीकडचे किती रकाने सोडायचे, बाकी म्हणजे वरच्या किती ओळी सोडायच्या. १५ तारखेसाठी २० येतात. सातने भागले तर भागाकार दोन, बाकी सहा. दोन रकाने आणि सहा ओळी सोडून तिसऱ्या रकान्यातला शनिवार. त्या घराचा मध्य डावीकडून १९५८ आणि वरून ४३१० पिक्सेलवर येतो. ३० तारखेला ३५ येतात, भागाकार पाच, बाकी शून्य. पाच रकाने सोडल्यावर घरच उरत नाही. अशा तारखा मराठी कॅलेंडरांच्या रीतीप्रमाणे पहिल्या रकान्यात वर जातात. म्हणून ३० रविवारच्या आणि ३१ सोमवारच्या रिकाम्या घरात, १ तारखेच्याच रकान्यात. जुन्या पानावर तिथे फक्त ३१ होता. रकान्याच्या माथ्यावरचे हे आकडे घाईत हमखास राहून जातात.

टायप ओळखणं हा या कामातला सगळ्यात वेळखाऊ भाग, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मजेचाही. १ ते ३१ लिहायला एकूण ५३ अंक लागतात. त्यांत १ चौदा वेळा येतो आणि २ तेरा वेळा, म्हणजे निम्म्याहून जास्त पान या दोन अंकांनीच भरलेलं असतं. ३ पाच वेळा. शून्य आणि ४ ते ९ प्रत्येकी तीनच वेळा. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्याला वेगळेपणा जाणवतो तो १ आणि २ मध्ये. फॉन्ट ओळखताना मात्र ५, ८ आणि ९ कडे बघावं, कारण देवनागरीत त्यांची वळणं फॉन्टागणिक सगळ्यात जास्त बदलतात. ९ ची शेपटी कुठे वळते, ५ चा पाय सरळ उतरतो की तिरका जातो, हे पाहिलं की निम्मे फॉन्ट बाद होतात.

जुनं काम असेल तर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतले फॉन्ट आधी तपासावेत. अनेक मराठी छापखान्यांत वर्षानुवर्षं तेच चालत आले आहेत. अलीकडच्या कामात एक टाइपचे मुक्त किंवा बलू सारखे मोफत फॉन्ट असण्याचा संभव जास्त. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतले अंक युनिकोडच्या जागी नसतात, म्हणून नेहमीच्या मराठी कीबोर्डने टाइप करून ते दिसले नाहीत तर फॉन्ट चुकला असं लगेच समजू नये.

संशयित फॉन्ट मिळाला की त्यात '२८' टाइप करून जुन्या २८ वर ठेवायचं. हा आकडा मी मुद्दाम घेतो, कारण त्यात एक गोल आणि एक उघडं वळण शेजारी येतं. आधी उंची जुळवायची. पॉइंटचा आकडा म्हणजे अंकाची उंची नव्हे, त्यामुळे चाचणी घेऊन त्रैराशिक मांडावं लागतं. ६० पॉइंटला नवा अंक १५० पिक्सेल उंच आला आणि जुना १६८ असेल, तर ६० गुणिले १६८ भागिले १५०, म्हणजे ६७.२ पॉइंट. मग नव्या अंकामागे पांढरा थर घालून दोन्ही एकत्र करायचे आणि त्या थराला फोटोशॉपमध्ये `Difference` हा मोड द्यायचा. दोन थर जिथे सारखे असतात तिथे काळं दिसतं. सगळीकडे काळं झालं तर फॉन्ट सापडला. अंकाभोवती सगळीकडून सारखी बारीक उजळ कड उरली, तर फॉन्ट तोच पण वजन चुकलं, बोल्डऐवजी सेमीबोल्ड वगैरे. कड फक्त टोकांना आणि वळणांना दिसली तर फॉन्टच वेगळा. आणि उंची जुळूनही डाव्या-उजव्या बाजू बाहेर आल्या, तर मूळ ऑपरेटरने घरात बसावं म्हणून आकडा आडवा दाबलेला असतो. आपल्यालाही तेवढाच दाबावा लागतो, तत्त्व म्हणून कितीही नावडलं तरी.

फॉन्ट सापडलाच नाही तर दहा अंक चित्रातूनच घ्यायचे. प्रत्येक अंकाचा सगळ्यात स्वच्छ नमुना निवडायचा. १ चे चौदा नमुने असतात, त्यामुळे निवडायला वाव असतो. ७ चे तीनच. तो मोठा करून इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये त्याची बाह्यरेषा काढून घ्यायची आणि त्या दहा आकृत्यांतून ३१ आकडे जुळवायचे. आमच्यासारखे दीडशे पिक्सेलच्या वरचे अंक असतील तर हे छान जमतं. तीस-चाळीस पिक्सेलचे असतील तर कोपरे गोल होतात आणि अंक वितळल्यासारखे दिसतात. तिथे जवळचा फॉन्ट निवडून सगळा तक्ता त्यातच करणं बरं.

फॉन्ट सापडो वा अंक चित्रातून काढावे लागोत, आकडे ३१ च्या ३१ बदलायचे यावर मी ठाम आहे. काही जुने ठेवून काही नवे घातले, की दोन्ही शेजारी उघडे पडतात. जुन्यांच्या कडा किंचित मऊ असतात, नव्यांच्या धारदार. सगळे नवे असले तर तुलनेला काही उरत नाही.

पुसण्याचं काम त्यामानाने सोपं, फक्त जेपेगचा स्वभाव माहीत हवा. हा प्रकार चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबतो, त्यामुळे काळ्या अंकाची राखाडी धूळ त्याच्या कडेबाहेरही आठेक पिक्सेल पसरलेली असते. अंकाच्या कडेला चिकटून पुसलं तर पांढऱ्यावर जुन्या आकड्याचं भूत उरतं. स्क्रीनवर ते सहसा दिसत नाही, छपाईत मात्र कधीकधी दिसतं. चित्राचा कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवून बघितलं की लगेच सापडतं. मी आकडे एकेक पुसत बसत नाही. जुन्या ऑगस्टच्या पहिल्या रकान्यात सोमवार ते गुरुवार ही चार घरं रिकामी होती. त्यांतल्या एकाचा आतला भाग, रेघांपासून थोडं अंतर सोडून, उचलून बाकीच्या घरांवर ठेवला. कागदाचा खरा रंग त्यात आयताच येतो. बँकेची खूण असलेल्या दोन घरांत मात्र खुणेपुरती जागा वाचवून हाताने पुसावं लागलं. मागे देवाची फिकट प्रतिमा असती, तर प्रत्येक घराची पार्श्वभूमी वेगळी झाली असती आणि हा उपाय चालला नसता.

नवे आकडे बसवताना जुने घराच्या मध्यावर होते की डावीकडून सुरू होत होते, हे आधी पाहावं. एकाच रकान्यातला एक अंकी आणि दोन अंकी आकडा घेऊन दोन्हींच्या डाव्या कडा मोजल्या की कळतं. रंग उचलताना अंकाच्या जाड भागाच्या मधोमध थेंब ठेवावा, कडेचा रंग नेहमी फिका येतो. छपाईसाठी काळा आकडा फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के, ठेवावा. चित्रातला काळा चार शाईंत फोडला गेला असेल आणि तसाच घेतला, तर प्लेट किंचित हलली तरी आकड्याला रंगीत सावली येते. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा जेपेग करू नये. आकडे अक्षरांच्या रूपातच ठेवून पीडीएफ करावी म्हणजे धार टिकते. पान फक्त मोबाइलवर फिरणार असेल, तर नव्या आकड्यांना अर्ध्या पिक्सेलचा धूसरपणा देतो, म्हणजे ते शेजारच्या जुन्या अक्षरांत मिसळून जातात. छपाईसाठी तसं करत नाही.

तपासणीत आकडे वाचत जाऊ नये, डोळा जे असायला हवं तेच वाचतो. एका रकान्यातून शेजारच्या रकान्यात आडवं जावं, प्रत्येक उडी सातची असली पाहिजे. रविवार आणि सोमवारच्या ओळींत पहिलं घर सोडून मोजावं, तिथे ३० आणि ३१ बसलेले असतात. मग महिन्याचे सांधे पाहावेत. जुलैचा ३१ शुक्रवारी संपतो, म्हणून ऑगस्ट शनिवारी. ऑगस्टचा ३१ सोमवारी, म्हणून सप्टेंबर मंगळवारी. पानाच्या कोपऱ्यात मागच्या-पुढच्या महिन्याचा छोटा तक्ता असेल तर तोही त्याच जुन्या वर्षाचा असतो, आणि तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो.

ऑगस्ट चुकला म्हणजे बाकीची अकरा पानंही चुकलेलीच, पण त्यासाठी बारा वेळा हा उद्योग करावा लागत नाही. लीप नसलेल्या वर्षात जानेवारी आणि ऑक्टोबर एकाच वारी सुरू होतात. फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर एकाच वारी. एप्रिल आणि जुलै, तसेच सप्टेंबर आणि डिसेंबर. मे, जून आणि ऑगस्ट यांना जोडीदार नाही. म्हणजे सात तक्ते पुरतात. मार्चचा तक्ता फेब्रुवारीला लावताना २९, ३० आणि ३१ काढायचे, नोव्हेंबरला लावताना फक्त ३१. सुट्ट्यांचे लाल आकडे मात्र प्रत्येक पानावर यादीवरून नव्याने रंगवायचे.